राखीव पीएलसीने ताबा घेताच व्हॉल्व्हने उडी का घेतली: माझा अनुभव

महापे येथील आमच्या प्रकल्पात मुख्य पीएलसी, म्हणजे यंत्रणा चालवणारा औद्योगिक संगणक, मुद्दाम बंद करून चाचणी घेतली, तेव्हा राखीव पीएलसीने ताबा लगेच घेतला, परंतु वाफेचा व्हॉल्व्ह ६२ टक्क्यांवरून थेट ४० टक्क्यांवर आला. आमच्या जोडीतील राखीव पीएलसी नियंत्रणाचा प्रोग्राम स्वतः चालवत नाही. प्रत्येक स्कॅनला, म्हणजे प्रोग्रामच्या प्रत्येक फेरीला, मुख्य पीएलसीच्या मेमरीतील ठरवून दिलेल्या भागाचीच नक्कल त्याच्याकडे जाते. व्हॉल्व्ह किती उघडायचा ते ठरवणाऱ्या, नंतर जोडलेल्या पीआयडी लूपची इंटिग्रल बेरीज, म्हणजे आतापर्यंतच्या फरकांची साठलेली बेरीज, या हद्दीबाहेरच्या पत्त्यावर साठत होती, म्हणून राखीव बाजूला जुनाच आकडा उरला होता. दोन्हीकडे प्रोग्राम एकच असल्याने तफावतीचा अलार्मही आला नाही, आणि हेच मला सर्वांत गंभीर वाटते. ती बेरीज हद्दीत घेतल्यावर स्कॅन किंचित लांबला, पण पुढच्या चाचणीत व्हॉल्व्ह जागचा हलला नाही.