कानबाईच्या रजेचा अर्ज: ईमेल पुरेल की कागदच द्यावा?

खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, सोमवारी विसर्जन. जळगावात नोकरी आणि घर शिरपूरला असेल, तर सोमवार-मंगळवार अशी 2 दिवसांची रजा लागतेच. अर्ज लिहिण्याआधी एवढंच पाहा: रजा मंजूर करणारा आणि तिची नोंद ठेवणारा माणूस एकच आहे का?

एमआयडीसीतल्या दहा-बारा माणसांच्या डाळ मिलमध्ये दोन्ही कामं मालकच करतात. तिथे ईमेल पुरतो. छापील अर्ज टेबलावर ठेवला आणि मालक दिवसभर मार्केट यार्डात असले, तर तो संध्याकाळपर्यंत बिलांखाली जातो. ईमेलच्या विषयातच तारखा टाका, म्हणजे न उघडताही कळतं.

विषय: रजा – 24 व 25 ऑगस्ट (सोम-मंगळ)

भाऊ, कानबाईसाठी गावी जायचं आहे. 24 व 25 ऑगस्टला रजा द्यावी. सोमवारच्या गाडीची बिलं शनिवारी करून ठेवतो, गेटपास सोबतचा सहकारी बघेल. बुधवारी कामावर येतो.

कामाची सोय सांगणारं वाक्य गाळू नका. छोट्या ठिकाणी होकार त्यावरच ठरतो. मालक फोनवर "जा" म्हणाले, तरी ईमेलवर "ठीक आहे" एवढं उत्तर मागून घ्या. महिनाअखेरीस पगाराचा हिशेब होताना फोनवरचं बोलणं कुणाच्या लक्षात नसतं.

सरकारी कार्यालय किंवा अनुदानित महाविद्यालयात साखळी लांब असते. विभागप्रमुख शिफारस करतात, प्राचार्य किंवा कार्यालयप्रमुख मंजुरी देतात आणि आस्थापना शाखा रजेची नोंद घेते. विभागप्रमुखांना पाठवलेला ईमेल त्यांच्याच इनबॉक्समध्ये राहतो, आस्थापनेपर्यंत कागद जात नाही आणि हजेरीपटावर तुम्ही गैरहजर दिसता. ऑनलाइन रजा प्रणाली असेल तर तीच वापरा; नसेल तर सहीचा अर्ज द्या.

त्या अर्जात प्रति, मार्फत, विषय, रजेचा प्रकार (इथे नैमित्तिक), दिवस आणि तारखा, रजेतला पत्ता व मोबाइल येतो. नैमित्तिक रजेचा छापील नमुना कार्यालयातच मिळत असेल, तर वेगळं पत्र लिहू नका. मार्फतची ओळ राहिली, तर अर्ज शिफारशीसाठी परत येतो आणि त्यात दोन-तीन दिवस जातात. मुख्यालय सोडण्याची परवानगी स्वतंत्र वाक्यात मागा. रजा मंजूर झाली म्हणजे गाव सोडायची मुभा मिळाली असं होत नाही. रविवारीच निघायचं असेल, तर परवानगीत रविवारही धरा.

अर्जाच्या 2 प्रती काढा. एक आवक शाखेत द्या, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. ही पोच म्हणजे अर्ज दिल्याचा पुरावा, मंजुरी वेगळी. म्हणून निघण्याआधी, शुक्रवारी दुपारीच, आस्थापनेत जाऊन अर्जावर मंजुरीची सही झाली का ते विचारा.

अचानक ताप आला, तर मोठ्या संस्थेतही त्याच सकाळी विभागप्रमुखांना ईमेल करा आणि रुजू होताच सहीचा अर्ज त्याच तारखांसह द्या.