पुण्यात नव्याने आलात? आधी आकडे ऐकायला शिका

इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा ठिकाणी वाढून पुण्यात आलेल्या मराठी माणसाला मराठी वाचता येतं, घरात बोलताही येतं. तरी पहिल्या महिन्यात इस्त्रीवाल्याने सांगितलेला आकडा हमखास चुकतो. कारण कानाला शब्द लिहिलेल्या रूपात हवे असतात आणि समोरचा ते एकमेकांत मिसळून बोलतो. हे काही पुणेकरांचं खास वैशिष्ट्य नाही, घाईत सगळेच असं बोलतात. पण इथे तुम्हाला ते दिवसभर ऐकावं लागतं.

मुळात ‘एक’मधला शेवटचा अ आपण उच्चारत नाही, त्यामुळे क थेट पुढच्या शब्दाला भिडतो. पुढे ग, ज, द, ब असं घोष व्यंजन आलं की कंठातला कंप आधीच सुरू होतो आणि ‘एक गोष्ट’चं ‘एग्गोष्ट’ होतं. ‘सात दिवस’ म्हणजे ‘साद्दिवस’, ‘पाच जण’ म्हणजे ‘पाज्जण’. खात्री करायची तर दोन बोटं गळ्यावर ठेवा. ‘एक… गोष्ट’ असं थांबून म्हटलं तर क पाशी थरथर तुटते, भरभर म्हटलं तर ती सलग राहते. उलटंही होतं. ‘मग काय’ इथे कंप लवकर थांबतो, म्हणून ते ‘मक्काय’ ऐकू येतं. आणि ‘मक्काय’ तर तुम्हाला इथे दर पाच मिनिटांनी ऐकू येईल.

शाळेतली व्यंजनसंधी आठवून इथे उडी मारू नका. संस्कृतात वाक् + ईश = वागीश होतं, म्हणजे स्वरापुढेही क चा ग होतो. बोलीत तसं होत नाही. ‘एक आंबा’, ‘एक माणूस’, ‘एक रुपया’ यांत क तसाच राहतो. स्वर, अनुनासिक आणि र, ल पुढे असले की आधीचं व्यंजन स्वच्छ ऐकू येतं. हे लक्षात ठेवा, खाली कामाला येईल.

दुसरा बदल जागेचा. ‘तीन पोहे’ म्हणताना न साठी जीभ दातांकडे जायच्या आतच ओठ मिटतात आणि ‘तीम्पोहे’ होतं. ‘दोन कप’मध्ये न घशाकडे सरकतो, ‘अंक’मधल्या अनुस्वारासारखा. आरशात पाहिलंत तर ‘तीन पोहे’ला ओठ लवकर मिटलेले दिसतील. हे न चंच होतं, म चं नाही: ‘काम करतो’मधला म घाईतही म च राहतो.

आता खरी अडचण. इस्त्रीवाला म्हणतो, “साठ द्या.” तुम्हाला ऐकू येतं ‘साद्द्या’ आणि कळत नाही, सात की साठ. घडतं ते असं: पुढे द असल्यामुळे ठ घोष होतो. तो न सोडताच जीभ द कडे जाते, त्यामुळे ठ मधला हकार उरत नाही. मग उरलेला, जीभ मागे वळवून म्हणायचा ड दातांकडे घसरला की ‘सात द्या’ आणि ‘साठ द्या’ जवळपास एक होतात. एका कपड्याचे सात की सगळ्यांचे साठ, हे संदर्भानेच कळायचं.

तरी एक खूण बऱ्याचदा उरते, ती व्यंजनात नाही, त्याच्या आधीच्या आ मध्ये. ठ साठी जिभेचं टोक मागे वळायला लागतं ते आ संपायच्या आतच, म्हणून ‘साठ’मधल्या आ ची शेपटी किंचित जाड, वळलेली ऐकू येते. ‘सात’मध्ये ती सरळ राहते. व्यंजनावर कान टवकारून बसलात तर हे निसटतं. सवय करायची तर ‘सात’ आणि ‘साठ’ सुटे म्हणून फक्त आ चा शेवट ऐका, मग ‘द्या’ जोडा. फार घाईत बोलणाऱ्याकडे मात्र हीही खूण पुसट होते.

तेव्हा सरळ विचारा, पण “साठ देऊ?” असं नको. त्यात तोच द आहे, तुमचाही उच्चार तसाच बिघडेल आणि समोरचा नुसतं “हो” म्हणेल. “साठ रुपये?” असं विचारा. र पुढे ठ शाबूत राहतो. किंवा “साठ की सात?” म्हणा, कारण क अघोष आहे, त्यात कंठ कंप पावत नाही, आणि दुसरा आकडा शेवटी असल्यामुळे त्याला पुढचं काही चिकटत नाही. उत्तरही बहुधा सुटं, एका शब्दात येतं, आणि सुट्या शब्दात ठ हा ठ च असतो.

एकेरी आकड्यांत लक्ष ठेवायचं ते एक, दोन, तीन, पाच, सात, आठ यांच्याकडे. सहा, नऊ स्वरान्त आहेत आणि चार र वर संपतो, त्यांची काळजी नाही. ‘पाचशे’ मात्र ‘पाश्शे’ म्हणूनच ऐकू येईल. भाडं ठरवताना कुणी “पाश्शे कमी करा” म्हणालं, तर ते पाचशेच.