कादंबरी वाचताना मागे काय लावायचं: रहस्य, प्रेम आणि घरगुती भानगडी

आधी माझा पहिला घोळ सांगते, कारण बाकी सगळं मी त्यातूनच शिकले. नवीन नवीन हौस होती तेव्हा मी एक मर्डर मिस्टरी वाचायला घेतली आणि मागे 'सस्पेन्स' नावाची तयार प्लेलिस्ट लावली. म्हटलं मूड बनेल. झालं काय, तर पुस्तकातला इन्स्पेक्टर नुसता चष्मा शोधत होता आणि इकडे मागे ढोल आणि व्हायोलिन असे चढत गेले की मी श्वास धरून बसले, आता कपाटातून प्रेत पडणार म्हणून. काहीच नाही पडलं, चष्मा उशीखाली सापडला. आणि चाळीस पानांनी जेव्हा खरोखर एकाचं खोटं उघडं पडलं, तेव्हा प्लेलिस्टमध्ये निवांत पियानो चालू होता, म्हणजे खऱ्या धक्क्याची हवाच गेली.

सिनेमात हे जमतं कारण तिथे सीन बघून म्युझिक बनवतात, सेकंद मोजून. पुस्तकात तुमचा स्पीड तुमचा असतो, एखादा पॅरा तुम्ही दोनदा वाचता, मध्येच थांबून विचार करता. त्यामुळे ज्या संगीताला स्वतःची गोष्ट आहे, म्हणजे हळू सुरुवात, मग चढ, मग स्फोट, ते तुमच्या गोष्टीला आडवं येणारच. मला हवं असतं ते एकाच मूडमध्ये बसून राहणारं संगीत.

म्हणून रहस्यकथेला मी आता मारवा राग लावते, फक्त आलाप, बासरी किंवा सतारीवरचा. गाण्यातलं काही कळत नसेल तरी चालेल, एवढंच लक्षात ठेवा की मारव्यात पंचम हा सूर घेतच नाहीत आणि षड्जावर पण फार थांबत नाहीत, आणि षड्ज म्हणजे सुरांचं घर. घरी जायचं टाळत राहिल्यासारखं होतं, त्यामुळे एक बारीक अस्वस्थपणा सतत राहतो आणि त्यासाठी आवाज चढवावा लागत नाही. रहस्यकथेत वाचणाऱ्याची अवस्था पण अशीच असते ना, काहीतरी जुळत नाहीये पण काय ते कळत नाही.

इथे एक खड्डा आहे. बासरी-सतारीच्या लांब रेकॉर्डिंगमध्ये आलापानंतर पुढे तबला येतो आणि शेवटाकडे लय चांगलीच वाढते, सतारीवर तर 'झाला' नावाचा शेवटचा वेगवान भाग आला की सुरांचा नुसता पाऊस पडतो. ऐकायला भारी, पण वाचताना डोळे आपोआप लयीबरोबर पळायला लागतात आणि रहस्यकथेत पळालात की क्लू सुटला. मी एकदा असंच अख्खं पान पळवलं आणि खुनाच्या वेळी दार आतून बंद होतं की बाहेरून हेच वाचलं नव्हतं, मग शेवट कळेचना, परत मागे जाऊन शोधत बसले. तेव्हापासून तबला कितव्या मिनिटाला येतो ते आधी एकदा बघून ठेवते आणि त्याच्या दोन मिनिटं आधीचा टायमर लावते. आणि शेवटची तीस-चाळीस पानं, जिथे सगळ्यांना एका खोलीत बसवून उलगडा होतो, तिथे काहीच लावत नाही.

प्रेमकथेचं उलटं आहे. तिथे लोक हमखास गाणी लावतात आणि हमखास फसतात. शब्द असलेलं गाणं वाचताना नकोच, डोळ्यांनी एक वाक्य आणि कानांनी दुसरं, दोन्ही एकाच डोक्यात घुसायला बघतात. हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून ते हुशारी करून जुन्या गाण्यांचं इन्स्ट्रुमेंटल लावतात. पण ते पण तेवढंच वाईट! चाल पाठ असेल तर शब्द आतून आपणच म्हणतो. कळतं कसं, तर तुम्ही एकच ओळ तिसऱ्यांदा वाचताय आणि ओठ हलतायत. भाषाच येत नाही अशी गाणी चालतात का, तर मला थोडी चालतात, पण माणसाचा आवाज तो माणसाचा आवाज, लक्ष जातंच.

मग काय लावायचं? बागेश्रीचा संथ आलाप, बासरीवर. रात्रीचा राग आहे आणि कुणाची तरी वाट बघण्याशी त्याचं नातं जुनं आहे, प्रेमकथेत निम्मी पानं तेच तर चालू असतं. संतूर मला स्वतःला आवडतं पण वाचताना थोडं टोचतं, कारण त्यात तारेवर काठीने आघात होतो आणि प्रत्येक सूर टण्णकन सुरू होतो. बासरीत सूर कधी आला ते कळत पण नाही. सोलो पियानो लावायचा तर मऊ, संथ, कडेला वाजल्यासारखा बघा.

एक सावधगिरी मात्र. गोड संगीत सुमार लिखाणाला पण गोड करतं. एका कादंबरीतला निरोपाचा प्रसंग वाचून मी चक्क रडले, मैत्रिणीला आग्रह करून पुस्तक दिलं, ती म्हणाली, "अगं यात आहे काय?" शांततेत परत वाचलं तर खरंच काही नव्हतं, रडवलं होतं बासरीने. आता मन हेलावलं की मी आवाज बंद करून तेच पान परत वाचते.

आवाज किती ठेवायचा याचं माझं माप सोपं आहे, पान उलटल्याचा आवाज ऐकू आला पाहिजे. तो झाकला गेला तर कमी करा. ऑटोप्ले बंद ठेवा, नाहीतर आलाप संपला की ॲप स्वतःच्या मनाने काहीतरी धांगडधिंगा सुरू करतं, आणि मध्ये जाहिराती येत असतील तर फाईल आधी डाऊनलोड केलेली बरी.

राहिली घरगुती कादंबरी. तीन पिढ्या, चौदा पात्रं, दोन काका ज्यांची नावं सारखीच वाटतात, आणि पानंच्या पानं नुसतं बोलणं. इथे मी सारंगी लावून बघितली, वाटलं दुःखाला शोभेल. पण सारंगी माणसाच्या गळ्याच्या इतकी जवळ आहे की जेवणाच्या टेबलावरच्या भांडणात अजून एक माणूस येऊन बसल्यासारखं झालं. शेवटी नुसता तानपुरा लावला, आणि हेच जमलं. एकच गुंजन, त्यावर पात्रांचे आवाज स्वच्छ ऐकू येतात. जिथे संवाद थांबून जुन्या आठवणींचा लांब भाग येतो तिथे पिलू राग लावते, सतारीवर. पिलूत शुद्ध-कोमल सगळे सूर एकत्र नांदतात, हसू आणि हुंदका एकाच ओळीत, घरासारखंच.

अख्ख्या कादंबरीला मी तेच एक रेकॉर्डिंग वापरते, बदलत नाही. पाच-सहा दिवस पुस्तक हातात घ्यायला जमलं नाही तरी पहिले काही सूर वाजले की कोण कुणाशी बोलत नव्हतं ते आठवायला लागतं, मागची पानं चाळावी लागत नाहीत. तोटा इतकाच की ते रेकॉर्डिंग मग दुसऱ्या पुस्तकाला चालत नाही. माझ्याकडचा एक पिलू असाच कायमचा गेलाय, लावला की त्या घरातली धाकटी सून जिन्यावर येऊन उभी राहते.