कबड्डीची लेखी चाचणी काढताना या चुका टाळा

कबड्डीचा घटक संपला की दहा-पंधरा गुणांची लेखी चाचणी होते आणि बऱ्याच शाळांत एकच गोष्ट दिसते. रोज मैदानावर असणारी मुलं मागे पडतात आणि वहीतले आकडे पाठ करणारी पुढे जातात. मग शिक्षक म्हणतात, "हे खेळतात, पण वाचत नाहीत." कधीकधी ते खरंही असतं. पण चाचणी हातात घेऊन बघा, निम्म्या वेळा दोष प्रश्नातच सापडेल. खेळणारा मुलगा प्रश्न वाचताना डोळ्यासमोर मैदान आणतो आणि प्रश्नात तेच अर्धवट असतं.

सर्वांत जास्त घोळ गुणांच्या प्रश्नांत होतो. हा नेहमीचा नमुना बघा: "चढाईपटूने बोनस रेषा ओलांडली, पण परतताना त्याची पकड झाली. कोणत्या संघाला किती गुण?" उत्तरसूचीत असतं, "दोघांना एकेक". हे बरोबर आहे, पण मैदानात सहा किंवा सात बचावपटू असतील तरच. पाच असतील तर बोनस चालूच नसतो आणि गुण फक्त पकड करणाऱ्यांना मिळतो. रेषा ओलांडताना मागचा पाय हवेत होता की जमिनीवर, हेही प्रश्नात नाही. तो पाय जमिनीला टेकलेला असेल तर बोनस मिळत नाही. बोनसच्या आधी चढाईपटूचा बचावपटूला स्पर्श झाला असेल, तर त्यानंतर बोनसचा प्रश्नच उरत नाही. थोडक्यात, या एका वाक्याची उत्तरं निदान दोन. चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाने कदाचित पाच खेळाडू गृहीत धरले असतील.

तोच प्रश्न असा लिहा: "ब संघाचे सहा खेळाडू मैदानात आहेत, एक बाद होऊन बाहेर बसला आहे. अ संघाच्या चढाईपटूने कोणालाही स्पर्श होण्याआधी, मागचा पाय हवेत ठेवून बोनस रेषा ओलांडली. मग त्याची पकड झाली. (१) अ ला किती गुण? (२) ब ला किती? (३) ब चा बाहेर बसलेला खेळाडू आत येईल का? (४) बोनसमुळे अ चा एखादा बाद खेळाडू जिवंत होईल का?" उत्तरं सरळ आहेत: एक, एक, होय, नाही. पकडीच्या गुणावर खेळाडू जिवंत होतो, बोनसवर होत नाही. चौथा उपप्रश्न मुद्दाम घातला आहे, कारण "गुण मिळाला म्हणजे माणूस आत आला" हा समज मुलांमध्ये फार पक्का असतो. तो नुसत्या गुण विचारण्याने उघडा पडत नाही.

लोणच्या प्रश्नात हीच गंमत वेगळ्या रूपात येते. समजा, अ संघाचे दोनच खेळाडू उरले आहेत. ब च्या चढाईपटूने दोघांना स्पर्श केला आणि तो सुखरूप परतला. ब ला स्पर्शाचे दोन आणि लोणचे दोन, असे चार गुण. पण ब चे तीन खेळाडू बाहेर असतील तर आत येतील फक्त दोनच, म्हणजे जे आधी बाद झाले ते. लोणचे दोन गुण कोणाला जिवंत करत नाहीत. अ चे मात्र सातही जण परत मैदानात येतात. या प्रश्नात "ब चे किती बाहेर" हे सांगितलं नाही, तर दुसऱ्या भागाचं उत्तर कोणालाच देता येणार नाही, तुम्हालाही नाही.

राखीव क्षेत्राचंही तसंच. "चढाईपटू राखीव क्षेत्रात गेला तर तो बाद होतो, बरोबर की चूक?" स्पर्श किंवा झटापट होण्याआधी गेला तर बाद, नंतर गेला तर नाही, कारण तेव्हा ती पट्टी मैदानाचाच भाग झालेली असते. त्यामुळे "स्पर्श होण्याआधी" हे शब्द प्रश्नात हवेतच.

मापांचे प्रश्न मला व्यक्तिशः फारसे आवडत नाहीत, पण विचारायचेच असतील तर गट लिहा. पुरुषांचं मैदान 13 × 10 मीटर, महिलांचं 12 × 8. मध्यरेषेपासून निदानरेषा पुरुषांसाठी 3.75 मीटरवर, महिलांसाठी 3 मीटरवर. नुसतं "निदानरेषा किती अंतरावर?" विचारून पर्यायांत दोन्ही आकडे दिले की दोन्ही बरोबर. त्यापेक्षा निदानरेषा कशासाठी आहे ते विचारा. कोणालाही स्पर्श न होता ती न ओलांडताच परतलेला चढाईपटू बाद का, हे ज्याला सांगता येतं त्याला नियम कळला आहे.

टीव्हीमुळे आणखी एक भर पडली आहे. प्रो कबड्डी 2014 मध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून मुलांच्या तोंडी "सुपर टॅकल", "डू ऑर डाय" हे शब्द आहेत. तीन किंवा कमी बचावपटूंनी पकड केली की एक जादा गुण, हे त्यांना पाठ असतं. घटकात हे शिकवलं नसेल आणि उत्तरसूचीत एकच गुण लिहिला असेल, तर प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर "वर्गात शिकवलेल्या नियमांनुसार उत्तरे लिहा" एवढी ओळ टाका. किंवा अशी परिस्थिती विचारूच नका, बचावपटू पाच ठेवा. ते सोपं.

कौशल्याच्या प्रश्नांत आकृती आली की डावा-उजवा उलटतो. डावा कोपरारक्षक हा मध्यरेषेकडे तोंड करून उभ्या असलेल्या बचावपटूचा डावा, म्हणजे समोरून येणाऱ्या चढाईपटूचा उजवा. आकृतीत मध्यरेषा खाली काढली तर एक उत्तर दिसतं, वर काढली तर दुसरं. मध्यरेषेवर ठळक नाव लिहा, बचावपटूंचं तोंड कुठे आहे ते बाणाने दाखवा, मग विचारा.

"घोटा पकड म्हणजे काय?" हा प्रश्न काहीच तपासत नाही, उत्तर नावातच आहे. चूक शोधायला द्या: "बचावपटू गुडघे न वाकवता, फक्त कमरेतून वाकून एका हाताने घोटा धरायला गेला आणि चढाईपटू निसटला. काय चुकलं?" इथे गुडघे वाकवून खाली बसणं, दोन्ही हात, पाय टेकल्याची वेळ साधणं, यांपैकी दोन मुद्दे आले की गुण द्या. अर्थात हे लिहिणाऱ्याला पकड करता येते असं नाही, ते मैदानावरच बघावं लागतं.

चाचणी तपासून झाली की दहा मिनिटं खर्चा. चाळीस मुलांच्या वर्गात एकूण गुणांत वरची दहा आणि खालची दहा मुलं बाजूला काढा आणि प्रत्येक प्रश्न दोन्ही गटांत किती जणांचा बरोबर आला ते मोजा. वरच्या गटात चार आणि खालच्या गटात सात असं काही आलं, तर आधी उत्तरसूची पुन्हा वाचा. ती बरोबर असेल, तर वरच्या गटातल्या दोघांना बोलावून विचारा, "तू मैदानात किती खेळाडू धरले होतेस?" उत्तर मुद्देसूद आलं, तर त्या प्रश्नाचे गुण सगळ्यांना द्या आणि पुढच्या वर्षीसाठी प्रश्न दुरुस्त करून ठेवा.