डुर्श, फ्यूर, मिट, नाख, झाइट : जर्मन विभक्तीच्या या चुका टाळा

जर्मन शिकायला लागून काही महिने झालेल्या मराठी विद्यार्थ्याच्या वहीत पुढील प्रकारच्या ओळी हमखास आढळतात : ‘इश लेर्ने झाइट आयन यार डॉइच. नाख डेन कुर्स गेहे इश मिट मायनेन ब्रूडर डुर्श डेम पार्क. इश काउफे आयन आइस फ्यूर ईम.’ लिहिणाऱ्याला म्हणायचे असते की, मी एका वर्षापासून जर्मन शिकतो आहे, वर्गानंतर भावाबरोबर बागेतून जातो आणि त्याच्यासाठी आइस्क्रीम घेतो. अर्थ कळतो, शब्दही योग्य निवडले आहेत. परंतु या तीन वाक्यांत पाच अव्यये आली आहेत आणि पाचही ठिकाणी विभक्ती चुकली आहे.

या चुकांचे मूळ मराठीतच सापडते. वर्षापासून, वर्गानंतर, भावाबरोबर, बागेतून, त्याच्यासाठी या सर्व रूपांत आपण नामाचे वा सर्वनामाचे सामान्यरूप करतो आणि पुढे हवा तो शब्द किंवा प्रत्यय जोडतो. सामान्यरूप एकच असल्यामुळे ‘साठी’साठी एक आणि ‘बरोबर’साठी दुसरे अशी निवड आपल्याला कधी करावीच लागत नाही. शिवाय मराठीत द्वितीया आणि चतुर्थी यांचे प्रत्यय सारखेच आहेत : ‘भावाला पाहिले’ आणि ‘भावाला पुस्तक दिले’ यांतील ‘भावाला’ कानाला अगदी एक वाटते. जर्मनमध्ये मात्र पहिल्यासाठी ‘डेन ब्रूडर’ हे अकुझाटिव्ह रूप लागते आणि दुसऱ्यासाठी ‘डेम ब्रूडर’ हे डाटिव्ह रूप. हा भेद आपल्या कानाला मुळात परिचयाचाच नसल्याने तो जाणीवपूर्वक बसवावा लागतो.

सर्वांत फसवे अव्यय ‘फ्यूर’ आहे, असे माझे मत आहे. ज्यांनी शाळेत संस्कृत शिकले आहे त्यांच्या मनात ‘रामाय’ म्हणजे ‘रामासाठी’ हे इतके पक्के बसलेले असते की, ‘साठी’ म्हटले की चतुर्थी, म्हणजेच डाटिव्ह, असे उत्तर आपोआप येते. ‘फ्यूर’ मात्र नेहमी अकुझाटिव्ह घेते : ‘फ्यूर डेन ब्रूडर’, ‘फ्यूर ईन’, ‘फ्यूर मिश’. येथे अर्थावरून विभक्ती ओळखण्याचा मोह सोडून द्यावा आणि एक जोडी पाठ करावी : ‘मिट मीर, फ्यूर मिश’, म्हणजे माझ्याबरोबर, माझ्यासाठी. पहिल्या जोडीतील दोन्ही शब्द म-ने सुरू होतात, त्यामुळे ‘मिट’चा ‘मीर’ चटकन आठवतो आणि उरलेला ‘मिश’ ‘फ्यूर’कडे जातो. ही जोडी तोंडात बसली की ‘मिट डीर, फ्यूर डिश’ आणि ‘मिट ईम, फ्यूर ईन’ तिच्यामागोमाग येतात.

‘डुर्श’ म्हणजे ‘मधून, आरपार’. ‘बागेतून जातो’ हे वाक्य मनात ‘बाग ओलांडतो’ असे करून पाहावे. बाग लगेच कर्म होते, आणि कर्माची विभक्ती अकुझाटिव्ह असते. म्हणून ‘डुर्श डेन पार्क’. या पाच शब्दांपुरती एक सोपी खूणही आहे : ‘डुर्श’ आणि ‘फ्यूर’ यांच्यात र आहे, तर ‘मिट’, ‘नाख’ आणि ‘झाइट’ यांच्यात तो नाही. मात्र ही खूण या पाचांपलीकडे नेऊ नये, कारण ‘गेगेन’, ‘ओने’ आणि ‘उम’ यांत र नसूनही ती अकुझाटिव्हच घेतात.

‘मिट’साठी मात्र संस्कृतची आठवण उपयोगी पडते. ‘रामेण सह’ येथे तृतीया असते. जर्मन भाषेत आज स्वतंत्र तृतीया आणि पंचमी नाहीत. जुन्या जर्मानिक भाषांच्या प्रवासात त्या विभक्तींची बरीचशी कामे डाटिव्हकडे गेली. त्यामुळे ‘ने’, ‘बरोबर’ किंवा ‘पासून’ असा अर्थ असेल, तर डाटिव्हची अपेक्षा ठेवणे बहुधा बरोबर ठरते : ‘मिट डेम बुस’ म्हणजे बसने, ‘झाइट डेम उनफाल’ म्हणजे अपघातापासून. ‘मिट’ आणि ‘डेम’ या दोहोंत म असल्याने कानालाही आधार मिळतो. येथे आणखी एक घसरण होते. मराठीत बस स्त्रीलिंगी असल्यामुळे अनेक जण ‘मिट डेर बुस’ लिहितात. त्यांनी विभक्ती बरोबर ओळखलेली असते, चुकलेले असते ते लिंग. ‘बुस’ जर्मनमध्ये पुल्लिंगी आहे.

‘नाख’च्या बाबतीत चूक वेगळ्या वाटेने येते. ‘इन’, ‘आउफ’, ‘आन’ यांसारख्या अव्ययांबरोबर ‘कोठे जायचे’ असेल तर अकुझाटिव्ह आणि ‘कोठे आहे’ असेल तर डाटिव्ह, हा नियम शिकल्यावर विद्यार्थी तो ‘नाख’ आणि ‘त्सू’ यांनाही लावतात व ‘त्सू डेन बानहोफ’ असे लिहितात. तो नियम केवळ दोन्ही विभक्ती घेणाऱ्या अव्ययांचा आहे. ‘नाख’ आणि ‘त्सू’ गती दाखवत असतानाही डाटिव्हच घेतात. म्हणून ‘त्सू डेम बानहोफ’, बोलण्यात ‘त्सुम बानहोफ’. ‘नाख बर्लिन’मध्ये आर्टिकलच नसल्यामुळे विभक्ती दिसत नाही, म्हणून ‘नाख’ पाठ करताना ‘नंतर’ या अर्थाचे उदाहरण घ्यावे : ‘नाख डेम कुर्स’, ‘नाख डेम एसेन’.

‘झाइट’चा काळ मराठी माणसाला सोपा जातो, कारण ‘तीन वर्षांपासून राहतो’ याप्रमाणेच जर्मनमध्येही वर्तमानकाळ येतो. अडचण दोन ठिकाणी होते. पहिली अनेकवचनाची : ‘झाइट द्राय यारे’ नव्हे, तर ‘झाइट द्राय यारेन’, कारण डाटिव्ह अनेकवचनात बहुतेक नामांना शेवटी न लागतो. दुसरी अधिक सूक्ष्म आहे. ‘गेल्या महिन्यात’ यासाठी अव्ययाविना ‘लेत्स्टेन मोनाट’ हे अकुझाटिव्ह रूप आधीच पाठ झालेले असते, आणि विद्यार्थी त्याच्यापुढे नुसते ‘झाइट’ ठेवून मोकळा होतो. योग्य रूप ‘झाइट लेत्स्टेम मोनाट’ आहे. न जाऊन तेथे म आला पाहिजे.

सराव करताना अकुझाटिव्हसाठी पुल्लिंगी नामेच घ्यावीत, असा माझा आग्रह आहे. ‘फ्यूर डी मुटर’ किंवा ‘फ्यूर डास किंड’ येथे आर्टिकल बदलतच नाही, त्यामुळे नियम माहीत नसलेल्याचेही उत्तर बरोबर येते आणि चूक महिनोन्महिने लपून राहते. डाटिव्हसाठी उलट स्त्रीलिंगी नामे घ्यावीत. ‘मिट डेर मुटर’ लिहिताना ‘डेर’ तर पुल्लिंगाचे, अशी शंका येऊन हात थबकतो, आणि सवय लावायची ती नेमकी याच जागी.

आता सुरुवातीच्या ओळी दुरुस्त करू : ‘इश लेर्ने झाइट आयनेम यार डॉइच. नाख डेम कुर्स गेहे इश मिट मायनेम ब्रूडर डुर्श डेन पार्क. इश काउफे आयन आइस फ्यूर ईन.’ तपासताना प्रत्येक अव्ययाखाली रेघ मारून त्यापुढील पहिल्याच शब्दाचे शेवटचे अक्षर पाहावे. या उताऱ्यात ‘झाइट’, ‘नाख’ आणि ‘मिट’ यांच्यापुढे म दिसतो, ‘डुर्श’ आणि ‘फ्यूर’ यांच्यापुढे न.

दोन जागी मात्र ही तपासणी लावू नये. ‘वास फ्यूर आयन’ म्हणजे ‘कोणत्या प्रकारचा’ या प्रश्नात ‘फ्यूर’ विभक्ती ठरवत नाही. ती वाक्यातील नामाच्या कामावरून ठरते, म्हणून ‘मिट वास फ्यूर आयनेम बुस’ हे बरोबर आहे. तसेच ‘झाइट’नंतर पूर्ण उपवाक्य आले, तर ते अव्यय न राहता ‘जेव्हापासून’ या अर्थाचे उभयान्वयी होते आणि पुढील कर्ता प्रथमेतच राहतो : ‘झाइट डेर कुर्स बेगोनेन हाट’, म्हणजे वर्ग सुरू झाल्यापासून.