या चुका टाळा : परीक्षक मॉडेलला निकष देण्याआधी

पणजीतल्या एका छोट्या गटाची कल्पना करा. पर्यटकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारा बॉट त्यांनी बनवलाय, आणि त्याच्या उत्तरांना दुसऱ्या मॉडेलकडून गुण द्यायचे आहेत. निकष चार: अचूकता ४, पूर्णता २, उपयुक्तता (पुढचा प्रश्न विचारावा लागू नये) २, आणि दोन वाक्यांत उत्तर असेल तर २. एकेक वाचला तर चारही शहाणे वाटतात. गडबड जोड्यांत असते.

प्रश्न : 'पणजीहून सलीम अली पक्षी अभयारण्यात कसं जायचं?' एका उत्तरात चोडण बेटाचं नाव आहे, पण रायबंदरहून फेरीबोट घ्यायची हेच राहिलं. त्याचे पूर्णतेचे २ गेले आणि उपयुक्ततेचेही २, उरले ६. दुसऱ्या उत्तरात चोडणची फेरी बेतीहून सुटते असं ठणकावून सांगितलंय. त्याचे अचूकतेचे ४ गेले, उरले तेही ६. एकाला फेरीचं विचारून घ्यावं लागेल, दुसरा चुकीच्या धक्क्यावर जाऊन उभा राहील, आणि गुण मात्र सारखे! एकाच उणिवेचा दंड दोनदा घेतल्यामुळे हे झालं.

हे आधीच पकडायला प्रत्येक जोडीसाठी दोन उत्तरं स्वतः लिहून बघा. चार निकषांच्या जोड्या सहाच होतात. पहिलं उत्तर असं, की एका निकषावर पूर्ण गुण आणि दुसऱ्यावर शून्य. ते काही केल्या लिहिताच येत नसेल, तर निकष एकमेकांवर चढलेत. दुसरं उत्तर दोन्हींवर पूर्ण गुण मिळवणारं. ते जमत नसेल, तर निकष भांडतायत.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे सोप्या प्रश्नावर तपासणं. 'फेरी कुठून सुटते?' याला दोन वाक्यं पुरतात, म्हणून भांडण दिसतच नाही. 'मडगावहून वयस्क आईला घेऊन पावसाळ्यात येतोय, गाडी फेरीत चढवता येईल का, पलीकडे किती चालावं लागेल, परतायचं कसं?' असा प्रश्न घ्या. पूर्णता आणि दोन वाक्यं लगेच समोरासमोर येतात. परीक्षक मॉडेल अशा वेळी तक्रार करत नाही. कधी एका निकषाला झुकतं माप देतं, कधी दुसऱ्याला, आणि तेच उत्तर पुन्हा तपासलं की गुण बदलू शकतात.

आणखी एक फसवं लक्षण : दोन रकान्यांतले गुण एकत्र वरखाली होतात म्हणून निकष एकच, असं नाही. चांगली उत्तरं सगळीकडेच चांगली असतात. म्हणून मुद्दाम एकाच बाबतीत बिघडवलेली उत्तरं लागतात.

दुरुस्ती करताना नुसते गुण कमीजास्त करू नका. भांडण तसंच राहतं. पूर्णता आणि उपयुक्तता एकत्र करून २ गुण ठेवा. लांबीच्या निकषात अट घाला : 'एकच गोष्ट विचारली असेल तर दोन वाक्यं; जास्त विचारल्या असतील तर प्रत्येकीला एक.' अचूकता चुकली तर एकूण ३ च्या वर जायचं नाही, हेही लिहा. मग तीच दोन उत्तरं पुन्हा तपासा : आता एकाला ६, दुसऱ्याला ३.