चीनच्या निर्यात घोषणापत्रात टोपल्यांचं वर्णन: या चुका टाळा

चीनमधून विणलेल्या टोपल्या, परड्या, कुंड्यांची वेष्टणं मागवणाऱ्या ऑफिसांत एक गोष्ट हमखास दिसते. ऑर्डर इंग्रजीत लिहिली जाते, कारखान्यातली मुलगी ती भाषांतराच्या ॲपमध्ये टाकते आणि आलेलं चिनी वाक्य तिकडच्या कस्टम ब्रोकरकडे जातं. ब्रोकर म्हणजे आपल्याकडे ज्याला सीएचए म्हणतात तो. तो तेच वाक्य निर्यात घोषणापत्रात, म्हणजे बाओगुआनदानमध्ये चिकटवतो. माल अडकतो तो बहुतेक वेळा या साखळीमुळे.

उदाहरण म्हणून एक काल्पनिक ओळ घेऊ. माल शानतुंग प्रांतातला, छिंगताओ बंदरातून न्हावा शेवाला निघणारा. पॅकिंग लिस्टवर लिहिलंय: ‘विकर स्टोरेज बास्केट, सेट ऑफ थ्री, अँटिक व्हाइट, कॉटन लायनिंग, केन हँडल’. या एका ओळीत चार खड्डे आहेत.

पण त्याआधी सर्वात ढोबळ चूक. नावाच्या रकान्यात नुसतं 工艺品, म्हणजे ‘हस्तकलेची वस्तू’, असं लिहू नका. या शब्दाने वस्तू काय, कशाची, कशासाठी, यातलं काहीच कळत नाही. चीनच्या कस्टमची दरवर्षी निघणारी एक यादी आहे, 规范申报目录. कोणत्या एचएस कोडच्या, म्हणजे कस्टमच्या वर्गीकरण क्रमांकाच्या, मालाबद्दल कोणती माहिती द्यायची ते तीत ठरवून दिलेलं असतं. कोड भरला की सिंगल विंडोच्या, म्हणजे घोषणा भरायच्या ऑनलाइन पोर्टलच्या, पडद्यावर नेमके तेच रकाने उघडतात. ‘हाताने बनवलेलं’ म्हणून 手工 जोडलं तरी फरक पडत नाही. टोपलीचा कोड ठरतो तो ती कशाची विणली आहे त्यावरून.

आता ‘विकर’. इंग्रजीत हा शब्द विणीचा आहे, साहित्याचा नाही. ॲप मात्र त्याचं 柳条 करून मोकळं होतं, म्हणजे विलोच्या फांद्या. विलो हे आपल्याकडच्या वाळुंजाच्या जातकुळीतलं झाड. टोपली खरंच विलोची असेल तर उत्तम. पण बागेतल्या फर्निचरसारखी प्लास्टिकच्या वेताची असेल, तर 柳条 लिहिणं ही सरळ खोटी घोषणा झाली. प्लास्टिकच्या पट्ट्यांपासून विणलेली वस्तू साधारणपणे ४६०२.९० मध्ये जाते. बांबूची ४६०२.११ मध्ये, वेताची ४६०२.१२ मध्ये, विलो आणि गवताची ४६०२.१९ मध्ये. या शेवटच्या गटाचे चिनी दरपत्रकात गवत, मक्याची साल आणि विलो असे पोटभाग आहेत, त्यामुळे ‘काहीतरी वनस्पतीचं’ एवढ्यावर भागत नाही.

दिसायला जुळ्या भावांसारख्या असलेल्या सुती दोरीच्या टोपल्या तर दरपत्रकाच्या या ४६ व्या प्रकरणातच बसत नाहीत. या प्रकरणाच्या टिपेत विणण्याच्या साहित्यातून सूत आणि धागे वगळलेले आहेत, त्यामुळे 棉绳 ची टोपली वस्त्रांच्या प्रकरणांकडे जाते. तागाच्या दोरीचंही तसंच. ‘नॅचरल फायबर बास्केट’ असं मोघम इंग्रजी वाचून ब्रोकरने ४६०२ लावला असेल, तर वर्णन कितीही सुबक असून उपयोग नाही.

साहित्य ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. कारखान्याकडून कापलेल्या टोकाचा जवळून घेतलेला फोटो मागवा. विलोच्या काडीच्या मध्यभागी मऊ गाभा दिसतो आणि काडी शेंड्याकडे निमुळती होत जाते. वेताच्या कापात मधला गाभा नसतो, सगळीकडे बारीक छिद्रं दिसतात आणि जाडी लांबपर्यंत जवळपास सारखी राहते. प्लास्टिकचा वेत जाळला तर वितळून गोळा होतो. कागदी दोरी भिजवली की पीळ सुटतो. नमुना हातात असेल तर हे पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरा खड्डा ‘केन’. आपल्या इंग्रजीत केन म्हणजे वेत. पण एकटा शब्द दिला तर ॲप त्याचं 甘蔗, म्हणजे ऊस, किंवा 手杖, म्हणजे हातातली काठी, असं काहीही करू शकतं. ‘उसाच्या दांड्याची टोपली’ वाचून तपासणी अधिकाऱ्याला शंका आली तर दोष त्याचा नाही. वेतासाठी 藤 हा शब्द आहे, आणि नकली वेताला 仿藤 किंवा 塑料藤 म्हणतात. तुमच्या ऑर्डरवरच ‘केन’ऐवजी ‘रॅटन’ लिहिलंत तर अर्धा त्रास तिथेच मिटतो.

तिसरा खड्डा ‘अँटिक व्हाइट’, आणि तो सगळ्यात महाग पडू शकतो. भाषांतरात 古董 आलं तर अर्थ होतो पुराणवस्तू. चीनमधून सांस्कृतिक वारशाच्या वस्तू बाहेर नेण्यावर नियंत्रण आहे, त्यासाठी तपासणी आणि परवाना लागतो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा कोडही वेगळा, ९७०६. कालपरवा रंगवलेल्या टोपलीला हे लेबल लावून घ्यायचं कारण नाही. जुनाट दिसण्यासाठी केलेल्या रंगकामाला 做旧 म्हणतात, जुन्याच्या नकलेला 仿古. खरं तर रंगाचा उल्लेख घोषणेत बहुधा लागतच नाही, तो काढून टाकला तरी चालतं.

चौथा ‘सेट ऑफ थ्री’. इथे भाषेपेक्षा एककाची चूक जास्त होते. घोषणापत्रात दोन प्रकारची मोजमापं असतात. एक सौद्याचं एकक आणि दुसरं कायद्याने ठरलेलं, जे ४६०२ साठी किलो आहे. आपल्या उदाहरणात ५०० सेट, प्रत्येक सेटचं निव्वळ वजन १.६ किलो. मग सौद्याचं एकक ५०० 套 आणि कायदेशीर एकक ८०० 千克. खोक्यांसकट १,००० किलो भरलं की चूक झाली, कारण इथे निव्वळ वजन हवं. आणि कारखान्याच्या व्हॅट बिलात १,५०० 个 म्हणजे नग असतील आणि घोषणेत ५०० सेट, तर कारखान्याला निर्यातीवर मिळणारा व्हॅटचा परतावा अडकण्याची भीती असते. परतावा अडकला की पुढच्या ऑर्डरला भाव वाढवून मागितला जातो, म्हणून हे दुखणं फक्त त्यांचं नाही. बिल आणि घोषणेतलं नाव आणि एकक आधी जुळवून घ्यायला सांगा.

हे सगळं सोडवल्यावर ओळ साधारण अशी दिसते. पहिली ओळ नाव, दुसरी तपशील:

```
柳条编织收纳篮
0|0|收纳用|柳条编结,内衬棉布,藤提手|无品牌|无型号
```

पहिल्या ओळीचा अर्थ ‘विलोच्या काड्यांनी विणलेली सामान ठेवायची टोपली’. दुसऱ्या ओळीत वापर, साहित्य (विलोची वीण, सुती अस्तर, वेताचा दांडा), मग ब्रँड नाही, मॉडेल नाही. अस्तर आणि दांडा लपवायचे नसतात, फक्त मुख्य साहित्य आधी यायला हवं, कारण टोपलीचं रूप ठरवते ती वीण. रकान्यांची संख्या आणि क्रम कोडनुसार बदलतात, त्यामुळे ही ओळ जशीच्या तशी उचलू नका. ब्रोकरला त्याच्या पडद्यावर उघडलेले रकाने पाठवायला सांगा आणि त्या क्रमाने भरा.

सुरुवातीचे दोन आकडे लोक डोळे मिटून शून्य टाकतात. पहिला ब्रँडचा प्रकार सांगतो. ० म्हणजे ब्रँड नाही, १ आणि २ चिनी ब्रँडसाठी (स्वतःचा आणि विकत घेतलेला), ३ म्हणजे परदेशी ब्रँडसाठी बनवून दिलेला माल, ४ म्हणजे इतर परदेशी ब्रँड. टोपलीवर तुमच्या दुकानाचं नाव असलेला टॅग शिवला असेल आणि घोषणेत ० असेल, तर खोकं उघडताक्षणी विसंगती दिसते. तिथे ३ हवा आणि मागच्या रकान्यात तेच नाव. मग बौद्धिक संपदेची चौकशी आली तर अधिकारपत्र तयार ठेवा. दुसरा आकडा, पोहोचणाऱ्या देशात सवलतीचा कर मिळणार का, याचा. ० नाही, १ हो, २ सांगता येत नाही. भारत आणि चीन दोघेही आशिया-पॅसिफिक व्यापार करारात आहेत. त्या कराराचं उत्पत्ती प्रमाणपत्र घेऊन सवलत मागणार असाल तर १, मागणारच नसाल तर ०. ठरलं नसेल तर २ टाकणं प्रामाणिकपणाचं.

विलो, वेत, बांबू, गवताच्या मालाला आणखी एक साखळी लागते, ती वनस्पती क्वारंटाइनची. कारखान्याची त्यासाठी नोंदणी हवी. माल उकडून वा भाजून कीडमुक्त केला असेल तर तो कमी जोखमीचा, धुरी किंवा कीटकनाशकाची प्रक्रिया असेल तर मध्यम, आणि फक्त उन्हात वाळवला असेल तर जास्त जोखमीचा धरतात. म्हणून कारखान्याने क्वारंटाइनच्या अर्जात ‘उकडून वाळवलेली’ म्हटलं असेल आणि तुमच्या घोषणेसोबतच्या कागदात ‘नैसर्गिक, उन्हात वाळवलेली’ असं जाहिरातीतलं वाक्य असेल, तर दोन कागद एकमेकांना खोटं पाडतात. वर्णन चुकल्याची खूणही इथेच मिळते. तपासणी झाली की मिळणारा इलेक्ट्रॉनिक नोंदीचा क्रमांक (电子底账) ब्रोकर प्लास्टिकच्या टोपलीसाठी मागू लागला, तर समजा की कुठेतरी प्लास्टिकचं 柳条 झालंय. उलट, विलोच्या मालासाठी हा क्रमांक कोणी मागितलाच नाही, तर वर्णन दुसऱ्या बाजूला घसरलेलं असण्याची शक्यता जास्त.

लाकडी कोरीवकामाबद्दल एवढंच, की तिथे लाकडाच्या जातीचं लॅटिन नाव अनेकदा मागतात. नुसतं 红木, म्हणजे ‘तांबडं लाकूड’, असं लिहू नका. शिसवाच्या जाती सायटीसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहेत, तेव्हा जात कोणती ते आधी कारखान्याकडून लेखी घ्या.

तपासायची योग्य वेळ म्हणजे कच्चं घोषणापत्र, 草单. ते सादर होण्याआधी ब्रोकरकडून मागून घ्या. त्यातलं नाव, साहित्य, एकक आणि ब्रँडचा आकडा हे चारच रकाने चिनी न येणाऱ्यालाही अक्षरं ताडून पाहता येतात. 柳, 藤, 竹, 草, 棉, 塑料, म्हणजे अनुक्रमे विलो, वेत, बांबू, गवत, कापूस आणि प्लास्टिक, एवढी चिन्हं कागदावर लिहून भिंतीला लावली तरी काम भागतं. हाँगकाँग-तैवानच्या मध्यस्थामार्फत ऑर्डर असेल तर जुन्या लिपीतली अक्षरं येतात. दोरीसाठी 绳 ऐवजी 繩 असं दिसलं तर बदलून घ्या.

सादर झाल्यावर चूक सापडली तर दुरुस्तीचा किंवा घोषणा मागे घेण्याचा अर्ज करता येतो, पण कारण आणि कागद जोडावे लागतात. कस्टमने माल तपासायचं ठरवलं असेल, तर ती प्रक्रिया संपेपर्यंत ओळ बदलता येत नाही. दंडाचं गणित चुकीमुळे काय परिणाम झाला त्यावरून होतं. आकडेवारीच बिघडली तर इशारा किंवा १,००० ते १०,००० युआन. देखरेखीत अडथळा आला तर ३०,००० पर्यंत. परताव्यावर परिणाम झाला तर घोषित किमतीच्या १० ते ५० टक्के. त्यामुळे जहाजाच्या कट-ऑफला दोन दिवस असताना आलेली 草单 ‘ठीक वाटतंय’ म्हणून सोडू नका. कापलेल्या दांड्याचा फोटो उघडा आणि ब्रोकरला विचारा, की 藤 कुठे लिहिलंय.